‘होडी सुटली नाही तर?’ : सपोज आणि व्हॉट इफ पुढे कोणतं रूप लिहायचं

प्रश्न : सर, मी मालवणात घरगुती निवास चालवते. परदेशी पाहुण्यांशी व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीत बोलावं लागतं. मे अखेरीस ‘उद्या किल्ल्याची होडी सुटली नाही तर काय कराल?’ हे विचारायला मी ‘व्हॉट इफ द बोट डिडन्ट गो टुमॉरो?’ असं लिहिलं. त्यांनी ते मनावरच घेतलं नाही आणि दुसऱ्या दिवशी होडी बंद आहे म्हटल्यावर नाराज झाले. मुलगी म्हणते, ‘डझन्ट’ हवं होतं. पुस्तकात तर सपोज आणि व्हॉट इफ पुढे दोन्ही रूपं दिसतात. मग नेमकं कधी काय लिहायचं?

उत्तर :

ताई, तुमची मुलगी बरोबर सांगते आहे. पण तुम्ही केलेली चूक निष्काळजीपणाची नाही. ती सरळ मराठीतून आलेली आहे, आणि ती कुठून आली हे एकदा दिसलं की पुन्हा होणार नाही. मी रत्नागिरीत बावीस वर्षं इंग्रजी शिकवतो. संध्याकाळच्या वर्गाला हॉटेलात काम करणारी मुलं येतात, गाडी चालवणारे येतात, तुमच्यासारख्या घरी पाहुणे ठेवणाऱ्या बायकाही येतात. ‘व्हॉट इफ’च्या पुढे आमच्याकडे नव्वद टक्के वेळा हीच गफलत होते असं म्हटलं तरी मला वावगं वाटणार नाही.

आधी आपलं मराठी वाक्य नीट बघा. ‘उद्या होडी सुटली नाही तर?’ यात ‘सुटली’ हे रूप कुठलं? ‘काल होडी सुटली’ यातलं जे रूप आहे तेच. म्हणजे दिसायला भूतकाळ, आणि बोलतोय आपण उद्याबद्दल. तुमच्याकडे मालवणीतही तसंच आहे. ‘पावस इलो तर?’ असं विचारणारा माणूस झालेल्या पावसाबद्दल बोलत नसतो, आभाळाकडे बघून येणाऱ्या पावसाबद्दल बोलत असतो. आपल्या भाषेत ‘तर’ जोडला की ‘आला’, ‘गेला’, ‘सुटली’ ही रूपं काळ सांगायचं सोडून देतात आणि फक्त ‘ही गोष्ट घडली असं धरून चल’ एवढंच सांगतात. ती घडण्याची शक्यता भरपूर आहे की अजिबात नाही, याबद्दल ‘आला तर’ काहीच बोलत नाही. पाऊस दारात उभा असला तरी आपण ‘आला तर’ म्हणतो.

इंग्रजीत नेमकं इथेच वेगळं आहे. तिथे सपोज किंवा व्हॉट इफ पुढे उद्याची गोष्ट भूतकाळी रूपात ठेवली, तर ते रूप ऐकणाऱ्याला एक खूण देतं : बोलणारा ही गोष्ट खऱ्या जगापासून एक पाऊल लांब ठेवतो आहे. तो कल्पना करतो आहे, किंवा त्याला ती घडेलसं वाटत नाही, किंवा तो भिडेखातर हळूच सुचवतो आहे. उलट वर्तमानकाळी रूप आलं की ऐकणाऱ्याला कळतं की ही गोष्ट खरंच होऊ शकते आणि तिचा विचार करायला हवा. म्हणून तुमचं ‘डिडन्ट गो’ वाचून पाहुण्यांना वाटलं असणार की तुम्ही सहज गप्पांत, ‘समजा, होडीच नसती तर तुम्ही काय केलं असतं’ अशा सुरात विचारताय. ‘व्हॉट इफ द बोट डझन्ट गो टुमॉरो?’ असतं, तर त्यात ‘अहो, हे होऊ शकतं’ हा इशारा आपोआप गेला असता.

थोडक्यात, मराठीत भूतकाळी रूप हा ‘तर’ चा साधा सोबती आहे आणि इंग्रजीत तेच रूप अंतर दाखवतं. तुम्ही ‘सुटली’ चं शब्दशः भाषांतर केलंत आणि नकळत अंतराची खूण पाठवलीत.

आता हे सांगितलं म्हणून ‘उद्याची गोष्ट असली की नेहमी वर्तमानकाळ’ असा नियम करून टाकू नका. कारण निवड त्या गोष्टीकडे बोलणारा कसं बघतो यावर आहे, आणि एकच गोष्ट दोन माणसांना वेगळी दिसू शकते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. समजा, बंदी वाढेल अशी कुजबुज जेटीवर चालू आहे आणि एका ट्रॉलरमालकाने बातमी ऐकली आहे. त्याच्या डोक्यात खलाशांचा पगार, बर्फाचा अ‍ॅडव्हान्स, डिझेल सगळं फिरतंय. तो म्हणेल, ‘व्हॉट इफ दे एक्स्टेंड द बॅन?’ त्याच जेटीवर त्याचा भाचा माशांच्या पैदाशीबद्दल वाद घालतो आहे, बंदी वाढण्याची त्याला काहीच चिन्हं दिसत नाहीत, तो नुसता विचार मांडतो आहे : ‘सपोज दे एक्स्टेंडेड द बॅन टु थ्री मंथ्स.’ दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिल्यात काळजी आहे, दुसऱ्यात कल्पना आहे. व्याकरणाचा पेपर तपासणारा यातलं एकही चूक म्हणू शकत नाही. तो फार तर विचारेल, ‘बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं?’

म्हणून मी वर्गात एकच प्रश्न विचारायला सांगतो. लिहिण्याआधी स्वतःला विचारा : ही गोष्ट होऊ शकते म्हणून मी आज काही तयारी करणार आहे का? करणार असाल तर वर्तमानकाळी रूप. तुम्ही त्या दिवशी नक्कीच तयारी करत होता. होडी बंद झाली तर पाहुण्यांना कुठे न्यायचं, जेवण किती वाजता ठेवायचं, रिक्षा सांगून ठेवायची का, हे सगळं तुमच्या मनात होतं. मग वाक्य ‘डझन्ट’ चंच होतं.

इंग्रजी बोलणारे स्वतः मात्र या सीमेवर इतके काटेकोर नसतात हेही सांगायला हवं. जिथे शक्यता मधलीच आहे, तिथे एकच माणूस सकाळी वर्तमानकाळ वापरेल आणि संध्याकाळी भूतकाळ. तुमच्या पाहुण्यांनीही कदाचित ‘डिडन्ट’ वरून अर्थ बरोबर काढला असता, जर वर ‘समुद्र खवळलाय’ असं एक वाक्य असतं. नुसत्या रूपावर सगळा भार पडला म्हणून घोटाळा झाला.

हे अंतर ऐकताना चुकलं तर काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. माझा एक विद्यार्थी, राजापूर तालुक्यातल्या खेड्यातला, हुशार आणि कष्टाळू, एका मोठ्या रिसॉर्टच्या रिसेप्शनसाठी मुलाखतीला गेला. समोरच्या बाईंनी विचारलं, ‘सपोज अ गेस्ट फेल सिक अ‍ॅट टू इन द मॉर्निंग. व्हॉट वुड यू डू?’ पोराने ‘फेल’ ऐकलं, ‘फॉल’ चा भूतकाळ, आणि त्याला वाटलं की त्याच्या आधीच्या नोकरीत कोणी पाहुणा आजारी पडला होता का असं विचारताहेत. तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘नो मॅडम, नो गेस्ट फेल सिक.’ बाईंनी प्रश्न पुन्हा तसाच विचारला. त्याने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा घाबरून, कारण त्याला वाटलं की त्याच्यावर काहीतरी आरोप होतोय. नोकरी गेली. त्याला रात्री दोन वाजता काय करायचं हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. माझ्यासमोर बसून त्याने सगळं मराठीत घडाघडा सांगितलं : आधी ड्युटी मॅनेजरला फोन, मग जवळच्या डॉक्टरला, गाडी तयार, पाहुण्याच्या घरच्यांना कळवणं. त्याला त्या एका ‘फेल’ ने अडकवलं.

त्या दिवसापासून मी ऐकायला वेगळं शिकवतो. सपोज ऐकलं की पुढच्या क्रियापदावर थांबू नका, त्याच्या पुढे जा आणि मुख्य प्रश्नात काय आहे ते पकडा. ‘वुड’ ऐकू आला की समजायचं, हे कल्पनेतलं आहे, मागच्या काळातलं नाही, आणि उत्तरही ‘वुड’ नेच द्यायचं : ‘आय वुड कॉल द ड्युटी मॅनेजर फर्स्ट.’ ‘सपोज अ गेस्ट फॉल्स सिक, व्हॉट विल यू डू?’ असं आलं तर उत्तर ‘आय विल कॉल’. मागच्या नोकरीत खरंच काय झालं असं विचारायचं असेल तर समोरचा माणूस सपोज म्हणणारच नाही, तो ‘डिड अ गेस्ट एव्हर फॉल सिक?’ असं विचारेल. सपोज हा शब्दच ‘समजा’ आहे. समजा म्हटल्यावर झालेल्या घटनेची चौकशी कोणी करत नाही. तो पोरगा आता गोव्यात एका हॉटेलात आहे, आणि दिवाळीत आला की नव्या मुलांना हा प्रसंग स्वतः सांगतो.

जोडीने येणारी ही रूपं, म्हणजे ‘फॉल्स’ बरोबर ‘विल’ आणि ‘फेल’ बरोबर ‘वुड’, लिहितानाही सांभाळायला लागतात. ‘सपोज इट रेन्स, व्हॉट वुड यू डू?’ असं बोलताना लोक म्हणतात, त्याने काही आभाळ कोसळत नाही. पण परीक्षेत आणि ई-मेलमध्ये जोडी तोडू नका, कारण वाचणारा गोंधळतो की तुम्हाला शक्यता खरी वाटते की नाही.

आता मराठीत अंतर दाखवायची सोय नाही का? आहे, आणि ती फार छान आहे. आपण ‘असता’ वापरतो. ‘माझ्याकडे स्वतःची होडी असती तर!’ म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, होडी नाहीये. इथे इंग्रजीत भूतकाळी रूप येतं : ‘सपोज आय हॅड माय ओन बोट.’ माणसाबद्दल, अवस्थेबद्दल असेल तर ‘वेअर’ : ‘सपोज आय वेअर द गेस्ट’, समजा मी पाहुण्याच्या जागी असते. बोलताना ‘वॉज’ चालतं, पण परीक्षेत आणि लिहिताना ‘वेअर’ च लिहा, त्याला कोणी बोट लावणार नाही. तर पहिला मोठा दुवा हा : मराठी वाक्यात ‘असता, असती, असते’ आले की इंग्रजीत मागे सरका. नुसतं ‘आला तर’, ‘सुटली तर’ असेल तर मागे सरकायची घाई करू नका.

आणि जेव्हा खरंच मागच्या काळात न घडलेली गोष्ट असते, तेव्हा इंग्रजी आणखी एक पाऊल मागे जातं आणि ‘हॅड’ बरोबर क्रियापदाचं तिसरं रूप घेतं. आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं उदाहरण घेतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूडकडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस तिथली माणसं बोलत होती, ‘हे रात्री आलं असतं तर?’ इंग्रजीत हे ‘व्हॉट इफ इट हॅड कम अ‍ॅट नाइट?’ असंच होईल. ‘व्हॉट इफ इट केम अ‍ॅट नाइट?’ म्हटलं तर अर्थ बदलतो : तेव्हा बोलणारा पुढच्या एखाद्या वादळाची कल्पना करतो आहे, मागचं वादळ सोडून. एका शब्दाने वर्ष बदललं म्हणा ना.

‘आलं असतं’ आणि नुसतं ‘असतं’ यांतला फरक बघून हा नियम जवळजवळ यांत्रिकपणे लावता येतो. ‘असता’ एकटा असेल, ‘होडी असती तर’, ‘मी तिथे असते तर’, तर साधा भूतकाळ. ‘असता’ च्या आधी दुसरं क्रियापद असेल, ‘आलं असतं’, ‘घेतली असती’, ‘सांगितलं असतं’, तर ‘हॅड’ चं रूप. मी हे फळ्यावर लिहितो आणि लगेच खाली एक अपवादही लिहितो, कारण तो न सांगितला तर मुलं अडकतात. ‘मला पोहता आलं असतं तर!’ हे वाक्य बघा. क्रियापद आहे, असतं आहे, पण बोलणारा आजची गोष्ट बोलतोय. त्याला आजही पोहता येत नाही. म्हणून इंग्रजीत ‘सपोज आय कुड स्विम’, ‘हॅड’ नको. तेव्हा रूप बघून अंदाज बांधा आणि मग एकदा वेळ तपासा : ही खंत आजची आहे की गेलेल्या दिवसाची?

आतापर्यंत तीन पायऱ्या झाल्या. होऊ शकणारी गोष्ट वर्तमानकाळात. कल्पनेतली किंवा आज नसलेली गोष्ट भूतकाळात. मागे न घडलेली गोष्ट ‘हॅड’ घालून. तुमच्या पुस्तकात दोन्ही रूपं दिसतात ती यामुळे.

पण एक जागा अशी आहे की तिथे भूतकाळी रूप खरोखरच भूतकाळाचं असतं, आणि तिथे मराठी आपल्याला मदत करते. समजा, पाहुण्यांचं पार्सल यायचं आहे आणि तुम्ही काल दिवसभर बाजारात होता. तुम्ही म्हणता, ‘कुरियरवाला काल येऊन गेला असेल तर?’ इथे ‘असेल’ आहे, ‘असता’ नाही. तो येऊन गेला की नाही हे तुम्हाला माहीत नाही, पण येऊन गेला असण्याची शक्यता खरी आहे. इंग्रजीत ‘व्हॉट इफ ही केम येस्टरडे?’ यातलं ‘केम’ कल्पनेचं नाही, ते कालचं आहे, आणि ते ‘येस्टरडे’ मुळे कळतं. वेळेचा शब्द काढून टाका आणि बघा काय होतं. ‘व्हॉट इफ शी मिस्ड द ट्रेन?’ याचे दोन अर्थ होतात. एक, ‘तिची गाडी चुकली असेल तर?’, म्हणजे कुडाळ स्टेशनवर आत्ता उभं राहून काळजी. दोन, ‘समजा, तिची गाडी चुकली, तर?’, म्हणजे नुसती कल्पना. ऐकणाऱ्याला प्रसंगावरून कळतं, मेसेज वाचणाऱ्याला प्रसंग दिसत नसतो. म्हणून लिहिताना काल, आज सकाळी, उद्या, असा वेळेचा शब्द घालायची सवय ठेवा. तो शब्द रूपातला संशय काढून टाकतो.

अजून एक ठिकाण सांगतो, कारण तुमच्या कामात ते रोज येणार. पाहुण्यांना काही सुचवायचं असतं, तेव्हाही सपोज आणि व्हॉट इफ वापरतात. ‘सकाळी सहाला निघालो तर?’ हे इंग्रजीत ‘व्हॉट इफ वी लीव्ह अ‍ॅट सिक्स?’ असंही होतं आणि ‘व्हॉट इफ वी लेफ्ट अ‍ॅट सिक्स?’ असंही. दोन्हीत सहाला निघणं तितकंच शक्य आहे. ‘लेफ्ट’ मध्ये फक्त भीड जास्त आहे, तुमची तयारी नसेल तर राहू द्या असा सूर आहे. मराठीत आपण तोच सूर ‘निघालो तर चालेल का?’ असं म्हणून लावतो. नवे पाहुणे असतील, वयस्कर असतील, किंवा तुम्ही ठरलेल्या वेळेत बदल मागत असाल, तर भूतकाळी रूप वापरा, ते कानाला मऊ लागतं. चार दिवस राहून घरच्यासारखे झालेले पाहुणे असतील तर वर्तमानकाळ पुरे. इथे आपलं ‘निघालो तर’ आणि इंग्रजीतलं ‘लेफ्ट’ योगायोगाने जुळतं, आणि मला वाटतं तुमची ती सवय बहुतेक इथूनच पक्की झाली असावी. सुचवताना चाललं, म्हणून इशारा देतानाही तसंच लिहिलं गेलं.

बारीक चुकांवर जास्त वेळ घालवत नाही, पण तीन सांगतोच. ‘समजा जर पाऊस आला तर’ असं आपण बिनधास्त म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘सपोज इफ इट रेन्स’ लिहितो. इंग्रजीत सपोज मध्येच ‘जर’ आलेला आहे, दुसरा ‘इफ’ काढा. दुसरं, उद्याची गोष्ट आहे म्हणून ‘व्हॉट इफ इट विल रेन’ लिहू नका. ‘विल’ पुढच्या वाक्यात जातो, सपोज किंवा व्हॉट इफ च्या तुकड्यात वर्तमानकाळच येतो : ‘व्हॉट इफ इट रेन्स?’ तिसरं, काही जण कल्पनेचं वाक्य करायचं म्हणून सपोज लाच भूतकाळात नेतात आणि ‘सपोज्ड आय हॅड अ बोट’ लिहितात. मागे सरकतं ते पुढचं क्रियापद. सपोज जागचा हलत नाही.

‘सपोजिंग’ बद्दल मुलगी विचारेल, म्हणून लिहून ठेवतो. अर्थ तोच, नियम तोच, रूपंही तीच. ‘सपोजिंग द रोड इज क्लोज्ड’ म्हणजे ‘रस्ता बंद असला तर’, आणि ‘सपोजिंग द रोड वेअर क्लोज्ड’ म्हणजे तेच थोडं लांबून. बोलताना, विशेषतः ब्रिटिश पाहुण्यांच्या तोंडी, ते ऐकू येतं. तुम्ही वापरलंच पाहिजे असं नाही. ‘आय सपोज’ मात्र पूर्ण वेगळं, ते ‘मला वाटतं, बहुधा’. ‘आय सपोज द बोट इज लेट’ म्हणजे ‘होडीला उशीर झालाय बहुतेक’. त्यात कल्पनेचा काही भाग नाही आणि पुढचं रूपही मागे सरकत नाही.

आता तुमच्याच मेसेजकडे परत येतो, कारण शेवटी पाहुण्यांसमोर तुम्हाला उभं राहायचं आहे. मे अखेरीस वारा फिरला की किल्ल्याच्या होड्या कधी बंद होतील याचा भरवसा नसतो, आणि पावसाळ्यात तर त्या बंदच असतात. इतकी खरी शक्यता असेल, तर माझं मत आहे की प्रश्न विचारून सुरुवातच करू नका. आधी सरळ सांगा, मग विचारा. मी असा मेसेज लिहिला असता : ‘द सी इज रफ. द बोट मे नॉट गो टुमॉरो. इफ इट डझन्ट गो, वुड यू लाइक टु सी द मार्केट अँड द बीच?’ पहिलं वाक्य परिस्थिती सांगतं, दुसरं शक्यता सांगतं, तिसऱ्यात पर्याय आहे. तिसऱ्या वाक्यातलं ‘वुड यू लाइक’ मात्र कल्पनेचं नाही, ते विनंतीचं आहे, ‘आवडेल का?’. त्यामुळे वर सांगितलेली ‘डझन्ट’ आणि ‘विल’ ची जोडी इथे मोडली असं समजू नका. ‘व्हॉट इफ’ च वापरायचा हट्ट असेल तर तोही चालेल : ‘द सी इज रफ. व्हॉट इफ द बोट डझन्ट गो टुमॉरो?’ फक्त अर्धं इंग्रजी अक्षरात, अर्धं देवनागरीत लिहू नका, पाहुण्यांना पूर्ण मेसेज इंग्रजी अक्षरांतच जाऊ दे.

मेसेज पोचला, पण समजला का, हे कळायचा एक सोपा मार्ग आहे, तो मी माझ्याकडच्या सगळ्या निवासवाल्यांना सांगतो. पाहुण्यांच्या उत्तरातलं क्रियापद बघा. ‘वी विल स्टे अ‍ॅट होम अँड रेस्ट’ असं आलं, तर त्यांनी तुमची गोष्ट खरी धरली आहे आणि मनाने तयारी केली आहे. ‘ओह, वी वुड जस्ट रिलॅक्स’ असं आलं, तर ते अजून कल्पनेत आहेत, त्यांच्या डोक्यात होडी सुटणारच आहे. तसं झालं तर झोपण्याआधी दुसरा मेसेज पाठवा, या वेळी प्रश्न न विचारता : ‘प्लीज नोट, द बोट मे नॉट गो टुमॉरो.’